फोटोतला माणूस पुसल्यावर कोरीव दगड वितळल्यासारखा का दिसतो?

प्रश्न: राजहंसगडावरच्या फोटोत मागे उभा असलेला माणूस मोबाइलच्या इरेझरने एका फटक्यात गेला. पण बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात काढलेल्या बहिणीच्या फोटोत खांबापुढचा माणूस काढला की दगड वितळल्यासारखा दिसतो, साडीचा काठही बिघडतो. फोनमध्ये दोष आहे का? 12×18 ची फ्रेम करायची आहे, काय करू?

उत्तर:

फोनमध्ये दोष नाही. फरक मागच्या गोष्टीत आहे: गडावर त्या माणसामागे आभाळ होतं, बस्तीत कोरीव खांब आहे. माझा निपाणीत फोटो स्टुडिओ आहे. फ्रेमसाठी येणाऱ्या फोटोंत हल्ली असे पुसलेले फोटो बरेच असतात, आणि त्यातले बिघडलेले बहुतेक देवळातले, वाड्यातले किंवा गर्दीतले असतात.

माणूस पुसला की त्याच्यामागचं खरं दृश्य उघडं पडतं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. कॅमेऱ्यात त्या जागी फक्त माणसाच्या शर्टाचा प्रकाश आला होता. मागच्या दगडाची काहीच नोंद फोटोत नाही. इरेझर दोन कामं करतो. आधी माणूस कुठे संपतो हे ठरवून त्याच्या आकाराचं भोक पाडतो. मग आजूबाजूचा भाग बघून त्या भोकात काय असेल याचा अंदाज बांधतो आणि तो रंगवतो. जुन्या पद्धतीत फोटोतलेच दुसरीकडचे तुकडे उचलून तिथे बसवले जायचे. आताची साधनं लाखो फोटोंवर शिकवलेल्या एआय मॉडेलकडून नवा भाग तयार करून घेतात. आभाळ, गवत, सपाट भिंत असेल तर अंदाज थोडा चुकला तरी कुणाला कळत नाही, कारण तिथे एक ढग इकडचा तिकडे झाला म्हणून बिघडत नाही.

कमल बस्तीत तसं चालत नाही. ही बस्ती रट्ट राजांच्या काळातली, 1204 ची. तिथल्या खांबांवर खालून वर ठरावीक क्रमाने घडाई आहे: चौकोनी बैठक, मग गोल भाग, कडी, पुन्हा गोल, वर शीर्ष. तुमच्या फोटोत माणसाचा खांदा नेमका कडीवर आला असेल तर इरेझरला डाव्या बाजूला कडीचं एक टोक दिसतं आणि उजवीकडे दुसरं. मधली गोलाई, तिच्यावरची सावली, कडीची जाडी हे सगळं जुळवून काढावं लागतं. दोन्ही टोकं किंचित वेगळ्या उंचीवर पोचली की मधे दगड वाकल्यासारखा दिसतो. तुम्ही ज्याला वितळणं म्हणता त्यातलं अर्धं हे.

उरलेलं अर्धं पिक्सेलचं आहे. तुमचा फोटो साधारण 4000×3000 पिक्सेलचा असेल. भोक भरणारं मॉडेल बरेचदा इतक्या मोठ्या मापावर काम करत नाही. फोटोचा तो भाग लहान करतं, उदाहरणार्थ 512 पिक्सेलपर्यंत, भरतं आणि मग पुन्हा मोठा करून बसवतं. माणूस 1500 पिक्सेल उंच असेल तर भरलेला भाग जवळपास तिप्पट ताणलेला असतो. मोबाइलच्या स्क्रीनवर हे जाणवत नाही. 12×18 च्या प्रिंटमध्ये मात्र शेजारच्या दगडाचे खरबरीत कण स्पष्ट दिसतात आणि मधला पट्टा गुळगुळीत दिसतो. म्हणून फोटो पूर्ण झूम करून बघा. ज्या रेषा भोकाच्या एका बाजूने आत जातात त्या दुसऱ्या बाजूने त्याच जागी बाहेर येतात का, आणि दगडाचा खरबरीतपणा सगळीकडे सारखा आहे का, एवढं तपासलं तरी प्रिंटचे पैसे वाचतात.

साडीच्या काठाचं कारण वेगळं आहे. त्या माणसाचा कोपर पदराला चिकटून आला असणार. इरेझरला शर्ट कुठे संपतो आणि पदर कुठे सुरू होतो हे नीट कळलं नाही, म्हणून भोकात काठाचाही तुकडा गेला. जरीचा काठ म्हणजे बारीक, न चुकता पुन्हा पुन्हा येणारी नक्षी. ती थोडी जरी हलली तरी डोळ्याला लगेच खुपते. शहापूर-वडगावच्या हातमागावर विणलेली साडी असेल तर घरातल्या बायका ते पहिल्या नजरेत ओळखतील.

आता तुमच्या फोटोचं काय करायचं. मूळ फोटो घ्या, व्हॉट्सॲपवरून आलेला नको. त्यात फोटो लहान होतो आणि कडांना डाग येतात, मग अंदाज आणखी बिघडतो. फिल्टर, उजेड हे नंतर. माणसाभोवती एकदम मोठा गोल काढू नका. आधी जमिनीवरची सावली आणि पाय काढा, कारण ती फरशी साधी आहे. सावली राहिली तर माणूस गेला तरी नजर तिथेच अडकते. मग खांबाच्या बाहेरचा, सपाट भिंतीपुढचा भाग. इथे बोट कडेच्या किंचित बाहेरून फिरवा. शर्टाची बारीक किनार उरली की तोच रंग भरावात पसरतो आणि काळपट डाग दिसतो. पदराजवळ मात्र उलटं: झूम करून बोट आतच ठेवा, काठाला लागू देऊ नका. खांबापुढचा भाग शेवटी, छोट्या छोट्या तुकड्यांत. पण एकाच जागेवर पुन्हा पुन्हा फिरवू नका. दुसऱ्या वेळी इरेझर आपल्याच अंदाजावरून अंदाज बांधतो, आणि दगड जास्तच लोण्यासारखा होतो.

गुगल फोटोजमध्ये मॅजिक इरेझरसोबत Camouflage नावाचा पर्याय असेल तर तो इथे कामाला येतो. तो माणूस काढत नाही, त्याचा रंग आजूबाजूला मिसळतो. भगवा टी-शर्ट घातलेला माणूस दगडी करडा झाला की फोटोत तो असूनही डोळ्यात येत नाही, आणि खांबाची घडाई जशीच्या तशी राहते.

सॅमसंगच्या जनरेटिव्ह एडिटसारखी साधनं हा भाग अधिक ठसठशीत भरतात. पण ठसठशीत म्हणजे खरं नव्हे. खांबावर ती अशी नक्षी कोरतील जी कमल बस्तीत नाहीच. घरच्या फ्रेमसाठी चालवून घ्यायचं का, हे तुम्ही ठरवा. बस्तीचा फोटो म्हणून तो कुठे टाकू नका, एवढी माझी मनापासून विनंती आहे. आठशे वर्षांपूर्वीचं काम म्हणून लोक ती खोटी नक्षी बघतील.

सगळ्यात पक्का उपाय: खरा दगड मिळवा. त्याच वेळी काढलेला दुसरा फोटो गॅलरीत आहे का बघा, ज्यात तो माणूस दोन पावलं सरकलाय. नसेल तर बस्ती बेळगावातच आहे. दिवसाच्या त्याच वेळेला, त्याच जागी उभं राहून, त्याच लेन्सने रिकाम्या खांबाचा फोटो काढा. फोटोशॉपमध्ये दोन्ही फोटो एकावर एक ठेवून, दोन्ही लेयर निवडून `Edit > Auto-Align Layers` ने जुळवा आणि मास्क लावून फक्त खांबाचा तेवढा भाग उघडा. ऊन बदललेलं असेल तर उजेड थोडा कमीजास्त करावा लागेल. संगणक येत नसेल तर कुठल्याही स्टुडिओत दोन्ही फाइली द्या, पेन ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपला डॉक्युमेंट म्हणून. काम फार वेळाचं नाही, आणि 12×18 मध्ये कडी कडीसारखीच दिसेल.