दहा मीटरची केबल आणि हरवलेला ट्रेबल

प्रश्न: माझ्या सिंगल कॉइल गिटारची ३ मीटरची केबल काढून १० मीटरची लावली, तर आवाज दबला, वर पांघरूण टाकल्यासारखा. दोन्ही केबल नव्या आहेत, मल्टिमीटरवर दोन्हींचा रेझिस्टन्स जवळपास शून्य येतो. नवी केबल खराब आहे का? महागडी घेतली तर फरक पडेल?

केबल बहुतेक ठणठणीत आहे. तुम्ही मोजलंत तेही बरोबरच, फक्त या तक्रारीशी रेझिस्टन्सचा संबंध नाही. मल्टिमीटरला कपॅसिटन्स मोजायची सोय असेल, तर केबलची दोन्ही टोकं मोकळी ठेवून प्लगचं टोक आणि त्याचा मागचा धातूचा भाग यांमध्ये एकदा मोजा. ३ मीटरच्या केबलला सुमारे ३०० पिकोफॅरड दिसतील, १० मीटरच्या केबलला सुमारे १०००. केबल म्हणजे मधली तार, भोवतीची जाळी आणि दोघांमध्ये प्लास्टिक. कपॅसिटरची रचना याहून वेगळी नसते. साधारण केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरड धरून चाला. काही ७० च्या आसपास असतात, काही १५० पर्यंत जातात.

आता बहुतेक जण जे स्पष्टीकरण देतात ते सांगतो, कारण मीही ते बरीच वर्षं इतरांना सांगत होतो. पिकअपचा रेझिस्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून लो-पास फिल्टर होतो, म्हणून ट्रेबल जातो. ऐकायला पटतं. पण एकदा आकडे घालून बघितलं आणि गडबड लक्षात आली. सिंगल कॉइल पिकअपचा रेझिस्टन्स साधारण ६ किलोओहम असतो. त्यावर केबलचे १००० आणि कॉइलच्या गुंडाळीचे स्वतःचे १०० असे ११०० पिकोफॅरड लावले, तर फिल्टर कापायला सुरुवात करतो २४ किलोहर्ट्झच्या आसपास. ते माणसाला ऐकूच येत नाही, आणि गिटार अॅम्पचा स्पीकर तर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने मान टाकतो. म्हणजे या हिशोबाने तुम्हाला काहीच फरक जाणवायला नको होता. पण तुम्हाला तो पहिल्याच कॉर्डला जाणवला.

हिशोबातून सुटलेली गोष्ट म्हणजे कॉइलचा इंडक्टन्स. केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे चुंबकाभोवती गुंडाळले की सिंगल कॉइलला अडीच हेन्रीच्या आसपास इंडक्टन्स येतो, हमबकरला ४ ते ५ हेन्री. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हा खूप मोठा आकडा आहे. इंडक्टन्सचा स्वभाव असा की प्रवाह जितक्या वेगाने बदलायला जाल तितका तो अडून बसतो. मल्टिमीटर स्थिर प्रवाहावर मोजतो म्हणून त्याला ६ किलोओहम दिसतात. त्याच कॉइलचा ६ किलोहर्ट्झला होणारा अडथळा ९४ किलोओहम आहे. त्याच वेळी १० मीटरची केबल आणि कॉइल यांची मिळून कपॅसिटन्स त्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल जमिनीकडे वळवणारी २४ किलोओहमची वाट होऊन बसलेली असते. आत येताना ९४ चा अडथळा, निसटायला २४ ची वाट. ट्रेबल कुठे जातो ते इथे कळतं.

पण इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की ते नुसतं कापत नाहीत. कॉइल ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठवते, केबल विद्युत क्षेत्रात, आणि एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला दोघांची देवाणघेवाण जुळून येते, झोका बरोबर वेळेवर ढकलावा तशी. तिथे आउटपुट कमी व्हायच्याऐवजी वाढतं. याला रेझोनन्स म्हणतात, आणि L हा इंडक्टन्स, C ही एकूण कपॅसिटन्स धरली तर ती फ्रिक्वेन्सी अशी निघते:

```
f = 1 / (2π√(LC))
```

या टेकाडाच्या खालच्या फ्रिक्वेन्सी जवळपास जशाच्या तशा जातात. टेकाडाच्या बऱ्याच वर गेलं की फ्रिक्वेन्सी दुप्पट होताना व्होल्टेज चौथाईवर येतं, म्हणजे दर ऑक्टेव्हला १२ डेसिबलची घसरण. रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्सच्या साध्या, म्हणजे आर-सी फिल्टरच्या दुप्पट उतार.

तुमचीच गिटार घेऊ. कॉइल २.५ हेन्री, तिचे स्वतःचे १०० पिकोफॅरड. ३ मीटरची केबल लावली की एकूण ४०० होतात आणि टेकाड येतं ५ किलोहर्ट्झवर. १० मीटरची लावली की ११०० होतात आणि टेकाड ३ किलोहर्ट्झवर सरकतं. सूत्रात वर्गमूळ आहे, म्हणून कपॅसिटन्स पावणेतीनपट होऊनही फ्रिक्वेन्सी निम्म्याहून थोडी जास्तच उरली. पण ५ आणि ३ या दोन जागा नेमक्या स्पीकरच्या कार्यक्षेत्रात आहेत, त्यामुळे कान लगेच पकडतो. कागदावर ६ किलोहर्ट्झला दोन केबलमध्ये साडेनऊ डेसिबलच्या आसपास फरक निघतो. प्रत्यक्षात चुंबकं आणि धातूच्या कव्हरमध्ये थोडी ऊर्जा विरते, त्यामुळे आकडा किंचित हलेल, पण चित्र हेच राहील. १ किलोहर्ट्झच्या खाली दोन्ही केबल जवळजवळ सारख्याच वाजतात.

तुम्ही "दबला" म्हणालात, ते अर्धंच खरं आहे असा माझा अंदाज आहे. लांब केबल लावल्यावर ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज उलट २-३ डेसिबलने वाढतो. टेकाडाची उंची ठरते ती पिकअपवर पडलेल्या भारावर: २५० किलोओहमचे व्हॉल्यूम आणि टोन पॉट, शिवाय अॅम्पच्या इनपुटचा १ मेगोहम. फ्रिक्वेन्सी खाली आली की कॉइलचा अडथळा त्या भाराच्या तुलनेत लहान होतो, भार तिला कमी दाबतो, आणि टेकाड खाली सरकताना उंचही होतं. म्हणून लांब केबलचा आवाज नुसता मंद नसतो, मध्यात जाड आणि किंचित नाकातला असतो. अॅम्पचा ट्रेबल वाढवून तो दुरुस्त का होत नाही, याचंही कारण हेच. ट्रेबलचं बटण वरचं हरवलेलं उचलायला जाताना ३ किलोहर्ट्झचं टेकाडही उचलतं, शिवाय खरखर. अनेकांना हाच जाड आवाज आवडतो आणि ते मुद्दाम स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लांब केबल वापरतात, तो भाग वेगळा.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. ६८० पिकोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर घ्या आणि ३ मीटरची केबल लावलेली असताना तो गिटारच्या आउटपुट जॅकवर सिग्नल आणि ग्राउंड यांमध्ये जोडा. तुमच्या दोन केबलमधला फरक ७०० पिकोफॅरड आहे, म्हणजे जवळजवळ तेवढाच. लहान केबल तशीच असताना आवाज १० मीटरच्या केबलसारखा होईल. मी हा प्रयोग एका मित्राला पाठ करून उभं राहायला सांगून केला, कपॅसिटर कधी लागला आणि केबल कधी बदलली हे त्याला ओळखता आलं नाही. तांब्याची शुद्धता, सोन्याचा मुलामा वगैरे गोष्टींबद्दल माझी श्रद्धा त्या दिवशी संपली.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल: व्हॉल्यूम थोडा कमी केला की लांब केबलवर आवाज अगदीच चिखलात जातो. इथे मात्र आर-सीचं जुनं स्पष्टीकरण खरं ठरतं. पॉट अर्ध्या रेझिस्टन्सवर असताना पिकअप आणि केबल यांच्यामध्ये पॉटचा रेझिस्टन्स येतो, केबलला समोरून सुमारे ६० किलोओहम दिसतात, रेझोनन्स विझतो आणि १००० पिकोफॅरडवर साधारण अडीच किलोहर्ट्झपासून कापाकापी सुरू होते. ३ मीटरच्या केबलवर हीच मर्यादा ८ किलोहर्ट्झच्या वर असते. म्हणून दोन केबलची तुलना करताना व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर दोन वेगळे परिणाम एकात मिसळतील.

महागड्या केबलबद्दल: माहितीपत्रकात मीटरमागे किती पिकोफॅरड तेवढंच बघा. ७० ची १० मीटर केबल घेतली तर टेकाड ३ वरून साडेतीन किलोहर्ट्झवर जाईल. फरक ऐकू येईल, पण ३ मीटरच्या केबलइतका मोकळा आवाज काही मिळणार नाही. हा आकडा छापलेलाच नसेल तर पैसे खर्च करण्याआधी मल्टिमीटर लावून बघा.

खरा इलाज बफर, म्हणजे सिग्नल जसाच्या तसा पण दमदारपणे पुढे देणारं छोटं सर्किट, आणि त्यात जागा महत्त्वाची. बफर पिकअपला १ मेगोहमच्या आसपास भार दाखवतो आणि पुढची केबल स्वतःच्या १ किलोओहमच्या आतबाहेरच्या आउटपुटने चालवतो. तिथे इंडक्टन्स नाही, आणि १००० पिकोफॅरडवर कापणी १६० किलोहर्ट्झच्या आसपास जाते. मायक्रोफोनची केबल ५० मीटर ओढली तरी काही बिघडत नाही, तेही याच कारणाने: तिच्या मागे दीड-दोनशे ओहमचा स्रोत असतो. पण बफर अॅम्पजवळ ठेवलात तर त्याच्या आधीची १० मीटर केबल पिकअपच्याच गळ्यात राहते आणि काहीच सुधारत नाही. तो पायाशी, साखळीत पहिला ठेवा. गिटारपासून तिथपर्यंत ३ मीटर, तेवढेच मोजले जातील. पुढचे सात फुकट. एक अपवाद म्हणजे जुन्या धाटणीचा फझ पेडल. त्याला थेट पिकअप लागतो, बफर आधी आला की त्याचा आवाज कर्कश होतो, म्हणून फझ असेल तर बफर त्याच्यानंतर. ट्रू बायपास पेडल बंद असताना सिग्नल सरळ तारेने पुढे सोडतात, त्यामुळे ते सगळे बंद असतील तेव्हा त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या केबल एकच लांब केबल होतात, हेही हिशोबात धरा.

बफर बसवल्यावर सुरुवातीला आवाज जरा जास्तच उघडा वाटेल. तसं झालं तर बफरच्या आधी, गिटारच्या बाजूला, तोच ६८० वाला किंवा त्याहून लहान, ३३० चा कपॅसिटर जोडून टेकाड हवं तिथे आणा.