मांडवीचं गढूळ पाणी आणि नायट्राइट

पावसाळ्यात मांडवीचं पाणी तांबडं येतं. नायट्राइट मोजायला ते तसंच स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या क्युव्हेटमध्ये घालशील तर ५४३ नॅनोमीटरवर मातीचे कणही प्रकाश अडवतात आणि नायट्राइट उगाच जास्त दिसतं. आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ. फिल्टरमधूनही थोडं नायट्राइट सुटू शकतं, म्हणून सुरुवातीचं गाळलेलं पाणी टाकून दे. ॲल्युमने गाळ खाली बसवायची भानगड मी शक्यतो टाळतो.

मग ५० मिलि गाळलेल्या पाण्यात १ मिलि आम्लयुक्त सल्फानिलामाइड घाल, पाचेक मिनिटं थांब आणि १ मिलि एनईडी हे रंग आणणारं रसायन घाल. दहा मिनिटांनी गुलाबी रंग पूर्ण चढतो. दोन तासांच्या आत वाच.

गाळूनही पिवळट झाक उरते, ती कुजलेल्या पाल्याची. त्यासाठी त्याच पाण्याचा दुसरा भाग घे, त्यात सल्फानिलामाइड घाल, पण एनईडीऐवजी साधं डिस्टिल्ड पाणी. हा रंगाचा ब्लँक. नुसतं पाणी वाचून भागत नाही, कारण आम्ल पडल्यावर ही झाक बदलते, कधी बारीक साकाही येतो.

समज, नमुन्याचं प्रकाशशोषण ०.१८४, रंगाच्या ब्लँकचं ०.०४६ आणि डिस्टिल्ड पाण्यात दोन्ही रसायनं घालून केलेल्या रीएजंट ब्लँकचं ०.००६. दोन्ही वजा करून ०.१३२ उरतं. तुझ्या स्टँडर्डचं १ मायक्रोमोलरला ०.०५० येत असेल, तर उत्तर २.६ मायक्रोमोलर. रंगाचा ब्लँक विसरलास तर ३.६ लिहून मोकळा होशील.

रंगाचा ब्लँक नमुन्याच्या निम्म्यावर गेला, तर त्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.