शेवटच्या कोरसला पट्टी बदलणं

सी मेजरमधलं गाणं शेवटच्या कोरसला ए मायनरमध्ये नेलं तर उचललं जाईल का?

नाही. सूर तेच सात राहतात, फक्त सा हलतो. पेटीवर पांढरी एकऐवजी पांढरी सहाला सा माना, बिलावलची आसावरी होते. रंग बदलतो, उंची नाही.

उचल हवी तर डी मेजरला जा. अख्खी चाल दोन अर्धस्वर, म्हणजे काळ्या धरून दोन पट्ट्या वर सरकते, गळ्यावर ताण येतो, तोच ऐकणाऱ्याला भिडतो. कोरसआधी एक आवर्तन ए सेव्हन धरा. त्यातला सी शार्प कानाला डीकडे ओढतो. ठाण्यात आमच्या गणपतीच्या तालमीत कीबोर्डवाला हा कॉर्ड विसरला आणि गायिका बिचारी जुन्याच पट्टीत शिरली! तिचा सर्वात वरचा सूर आधी तपासा. तोच जेमतेम लागत असेल तर गाणं मुळातच बीफ्लॅटला सुरू करून सीला चढवा.