सरकता पत्ता, पक्का पत्ता आणि F4

प्रश्न : आमच्या क्लासात लेकरांना एक्सेल शिकवतो. पुस्तकात ‘सापेक्ष संदर्भ’, ‘निरपेक्ष संदर्भ’ असं छापलंय, ते कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. बोलताना काय म्हणावं? अन् फॉर्म्युला खाली ओढला की डॉलरचं चिन्ह नेमकं काय धरून ठेवतं? (परभणीहून एक शिक्षक)

बोलताना ‘सरकता पत्ता’ आणि ‘पक्का पत्ता’ म्हणा, काम भागतं. परीक्षेत लिहायला सापेक्ष-निरपेक्षच ठेवा. ते शब्द चुकीचे नाहीत. फक्त ‘सापेक्ष’ म्हटलं की ‘कशाच्या अपेक्षेने?’ हे सांगावं लागतं, आणि पुस्तक तेच सांगायचं विसरतं. उत्तर एवढंच : ज्या सेलमध्ये फॉर्म्युला लिहिलाय त्या सेलच्या अपेक्षेने.

हे शब्दांनी समजावण्यापेक्षा मोंढ्यातली एक हिशोबपट्टी घ्या, कारण आपल्याकडच्या लेकरांना आडत, हमाली, तोलाई वेगळी सांगावी लागत नाही. चौथ्या ओळीत मथळे आहेत : A मध्ये शेतकरी, B मध्ये सोयाबीनचं वजन क्विंटलमध्ये, C मध्ये भाव, D मध्ये रक्कम, E मध्ये हमाली, आणि पार उजवीकडे H मध्ये ‘शेरा’. वर H1 मध्ये हमालीचा दर, समजा क्विंटलला १२ रुपये. H2 मध्ये तोलाईचा, समजा ४ रुपये. H3 रिकामा. पहिल्या तिघांची वजनं १४, २२.५ आणि ९ क्विंटल.

D5 मध्ये `=B5*C5` लिहून खाली ओढलं की D6 मध्ये `=B6*C6` होतं. प्रत्येकाचं वजन गुणिले त्याचाच भाव, हवं तेच. आता E5 मध्ये हमाली :

```
=B5*H1
```

१४ गुणिले १२, उत्तर १६८, बरोबर. हाच फॉर्म्युला खाली ओढला की E6 मध्ये `=B6*H2` होतं. म्हणजे दुसऱ्या शेतकऱ्याची हमाली तोलाईच्या दराने निघाली : २७० च्या जागी ९०. तिसऱ्याला H3 लागला, तो रिकामा, म्हणून १०८ च्या जागी शून्य. चौथ्याला H4 लागला, तिथे ‘शेरा’ हा शब्द, म्हणून `#VALUE!`. यातली चौथी चूक सगळ्यात बरी, कारण ती ओरडून सांगते. शून्यसुद्धा नजरेत भरतं. पण ते ९० रुपये बघून कुणालाच काही वाटत नाही, आणि पट्टी तशीच शेतकऱ्याच्या हातात जाते.

असं का होतं? कारण आपल्याला H1 दिसत असलं तरी कॉपी करताना एक्सेल ‘H1’ या नावाला धरून राहत नाही, अंतर धरतं. ते डोळ्यांनी दाखवायचं असेल तर File, Options, Formulas मध्ये जाऊन ‘R1C1 reference style’ वर खूण करा. E5 मधला फॉर्म्युला असा दिसायला लागेल :

```
=RC[-3]*R[-4]C[3]
```

याच ओळीत तीन कॉलम डावीकडचं वजन, गुणिले चार ओळी वर आणि तीन कॉलम उजवीकडचा दर. खाली ओढलेल्या प्रत्येक सेलमध्ये अक्षरश: हाच मजकूर असतो. म्हणजे फॉर्म्युला बदललेलाच नाही, बदलली ती मोजायला सुरुवात करायची जागा. H1 ला `$H$1` केलं की इथे कंस जाऊन `R1C8` येतं : पहिली ओळ, आठवा कॉलम, मग तुम्ही कुठेही उभे असा. माझ्या मते लेकरांना हे एकदा दाखवावं आणि खूण काढून टाकावी. रोजच्या कामाला ते फार किचकट पडतं.

आता डॉलर. त्याचा पैशाशी काही संबंध नाही. तो आपल्या लगेच उजवीकडे जे असेल तेवढंच धरतो. अक्षराआधी आला तर कॉलम, आकड्याआधी आला तर ओळ. आपल्या पट्टीत फॉर्म्युला फक्त खाली ओढायचा आहे, कॉलम बदलतच नाही, म्हणून `H$1` सुद्धा पुरतं. तरी दराच्या सेलला मी दोन्ही डॉलर लावतो. उद्या कुणी तोच फॉर्म्युला उचलून बाजूच्या कॉलममध्ये चिकटवला तरी दर सुटत नाही.

एकच डॉलर खरा लागतो तो तक्त्यात. A3 पासून खाली वजनं, B2 पासून उजवीकडे वेगवेगळे भाव, आणि मध्ये प्रत्येक वजनाची प्रत्येक भावाने होणारी रक्कम हवी आहे. B3 मध्ये हे लिहा :

```
=$A3*B$2
```

वजनाचा कॉलम पक्का, ओळ सरकती. भावाची ओळ पक्की, कॉलम सरकता. हे उजवीकडे आणि खाली ओढलं की अख्खा तक्ता एकाच फॉर्म्युल्यात भरतो. इथे घाईने चारही डॉलर लावले तर प्रत्येक घरात एकच रक्कम उमटते. तसा तक्ता दिसला की कारण शोधत बसू नका.

हे डॉलर हाताने टाइप करायची गरज नाही. फॉर्म्युला लिहिताना कर्सर त्या पत्त्याला लागून ठेवा आणि F4 दाबत राहा : `H1`, `$H$1`, `H$1`, `$H1`, पुन्हा `H1`. `B5:B44` सारखी पट्टी असेल तर आधी ती सगळी निवडा, म्हणजे दोन्ही टोकांना डॉलर लागतात. ही कळ जुनी आहे. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्येही याच कामाला F4 होती. त्याआधी, १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये डॉलर नव्हताच. फॉर्म्युला दुसरीकडे उतरवताना तो प्रोग्राम प्रत्येक पत्त्यासाठी थांबून विचारायचा, हा सरकता की जसाच्या तसा?

‘सर, F4 चालत नाही’ ही तक्रार येणारच. लॅपटॉपवर बहुधा Fn सोबत दाबावी लागते, मॅकवर Command+T. आणि फॉर्म्युला उघडलेला नसेल तर F4 वेगळंच काम करते, शेवटची कृती पुन्हा करते. आत्ताच एखादा सेल पिवळा केला असेल तर हाही पिवळा होतो. आधी F2 दाबून सेल उघडायचा, मग F4.

‘पक्का पत्ता’ या नावाची एक अडचण मात्र सांगून ठेवा. तो पक्का असतो कॉपीपुरता. वर एक नवी ओळ घातली की दर H2 मध्ये जातो आणि `$H$1` आपोआप `$H$2` होतो. दराचा सेल कट करून J1 मध्ये नेला तर सगळे फॉर्म्युले `$J$1` म्हणायला लागतात. हे सोयीचंच आहे, फॉर्म्युला दराला सोडत नाही. उलट फॉर्म्युल्याचाच सेल कट करून हलवला तर डॉलर नसलेले पत्तेही बदलत नाहीत. सरकणं होतं ते कॉपीत, कटमध्ये नाही. पुष्कळ जण दोन्ही एकच समजतात आणि डॉलरला दोष देतात.

पट्टी तपासायची तर पहिली ओळ बघून उपयोग नाही, ती नेहमी बरोबरच असते. शेवटच्या शेतकऱ्याच्या हमालीवर जाऊन F2 दाबा. रंगीत चौकट दराच्या सेलभोवती पडली तर ठीक. ती खाली कुठल्या रिकाम्या सेलवर पडली असेल तर E5 मध्ये डॉलर लावून कॉलम पुन्हा ओढा.