प्रगतिपुस्तकाचा फोटो टाइप करताना अंदाज किती चालतो?

प्रश्न: मुलाचं सहावीचं प्रगतिपुस्तक घर बदलताना हरवलं, फक्त मोबाइलमधला फोटो आहे. त्यावरून सगळं टाइप करून ठेवायचंय. एकदोन श्रेणी आणि बाईंच्या शेऱ्यातले काही शब्द लागत नाहीत. अंदाजाने लिहिले तर चालतील का?

उत्तर: नाही. मी एकदा अंदाजाने लिहिलं होतं आणि त्याचं उट्टं आमच्या घरात अजून निघतंय.

मी कोथरूडमध्ये घरूनच मराठी टायपिंगची कामं घेते. माझ्या थोरल्या नणंदेच्या, म्हणजे ताईंच्या, मुलाचं प्रगतिपुस्तक असंच गायब झालं होतं. तेही सहावीचंच. ताईंनी फोटो पाठवला. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला, वर प्लॅस्टिकचं कव्हर, त्यामुळे मधोमध पांढरा झोत. "अगं, तुला काय, अर्ध्या तासाचं काम," असं म्हणाल्या. मीही तसंच समजले, चूक तिथेच झाली.

ही प्रगतिपुस्तकं २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानंतरच्या पद्धतीची. आकारिक, संकलित, मग श्रेणी. सहावीला आकारिक ५० आणि संकलित ५०. काही शाळा गुणही लिहून देतात, ही देत होती. हिंदीच्या ओळीत संकलितचे १७ स्पष्ट होते. आकारिकमधला १ दिसत होता, पुढचा आकडा झोतात गेला होता, बेरीजही झोतात. श्रेणीच्या चौकोनात एकच अक्षर. मला ते 'इ' वाटलं. पण नुसती 'इ' अशी श्रेणी नसते, इ-१ किंवा इ-२ असते. म्हणून मी शहाणपणा करून 'इ-१' टाइप केलं. तो एक आकडा कागदावर कुठेच नव्हता, माझ्या डोक्यातून आला होता.

ते अक्षर 'ड' होतं. हाताने लिहिलेल्या ड आणि इ मध्ये फरक फक्त खालच्या शेपटीचा, आणि फोटो हलला की शेपटी जाते नाहीतर नसलेली उगवते. पण या श्रेणींत अ, ब, क आणि इ यांच्यापुढे १ किंवा २ असतो, ड एकटाच असतो. म्हणजे चौकोनात आकडा नाही हीच खूण होती, आणि मी ती खूण पुसून वर आकडा बसवला. ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला इ-१. पोराला मी एक पायरी खाली ढकललं.

गुणांवरून कळलं नसतं का? नसतं. आकारिक १० ते १९ च्या मध्ये कुठेही, त्यात १७ मिळवले की २७ ते ३६. यात दोन्ही श्रेणी बसतात. गुणांची ताडणी करायचीच, पण ती दरवेळी निकाल देत नाही, आणि बाईंची बेरीज चुकली असेल तर आपण ती दुरुस्तही करायची नाही. निकाल दिला असता तो त्याच बाईंच्या अक्षराने. खाली शेऱ्यात "चित्रे आवडीने काढतो" आणि "इतरांना मदत करतो" असं त्यांनीच लिहिलं होतं. एकाच हाताचा ड आणि इ दोन्ही तयार. त्यांचा इ खाली डावीकडे लांब वळायचा, ड गाठीपाशीच थांबायचा. फोटो मोठा करून शेजारी शेजारी ठेवला असता तर दोन मिनिटांत सुटलं असतं. तुम्हीही आधी शेरे उतरवा आणि मग श्रेणींकडे या, म्हणजे बाईंचं वळण डोळ्यात बसलेलं असतं.

तीच गोष्ट घ-ध आणि भ-म यांची. छापील अक्षरात ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते, पण घाईत चाळीस पुस्तकं भरणाऱ्या बाई शिरोरेषाच देत नाहीत. मग 'ख'चा 'रव' होतो. अनुस्वार आहे की कागदावरचा ठिपका, हेही त्याच शब्दाचं दुसरं रूप शोधून ठरवावं लागतं.

छापील मथळे आणि हाताचा मजकूर वेगळे दिसतील असे टाइप करा. 'विशेष प्रगती', 'आवड, छंद', 'सुधारणा आवश्यक' हे मथळे छापलेले, त्यापुढचं बाईंचं. शेरा एका चौकोनातून खालच्या चौकोनात उतरलाय का ते बघा. आमच्याकडे 'सुधारणा आवश्यक'मध्ये जे दिसत होतं, त्यातला अर्धा भाग वरच्या 'आवड'चा उरलेला होता. रिकामा चौकोन रिकामाच ठेवा, तिथे रेघ किंवा 'लागू नाही' घालू नका, कारण रेघ असेल तर ती बाईंनी मारलेली असते. हजेरीच्या तक्त्यात पान शिवणीपाशी वाकलं की रकाने सरकतात. हजर दिवस कामाच्या दिवसांपेक्षा जास्त दिसले, तर तुमचा डोळा शेजारच्या महिन्यात गेलाय.

शुद्धलेखन सुधारू नका. बाईंनी "अक्षर सुवाच्च काढावे" लिहिलं होतं (स्वतः कशा अक्षरात, ते सोडा). माझा हात 'सुवाच्य'कडे जात होता, मी आवरला. नक्कल आहे, संपादन नव्हे. जे लागत नाही तिथे [अवाच्य] लिहा, जे बहुतेक लागलंय त्यापुढे [?].

आता ताईंचं. इ-१ वरून त्यांनी मला दिवाळीच्या फराळात सगळ्यांसमोर ऐकवलं, ते मला मान्य आहे. पण त्याच पुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, "मुलगा ह", पुढे झोत, मग "आहे". ताई म्हणाल्या, हुशार लिही, दुसरं काय असणार! मी [अवाच्य] लिहिलं. एक तर त्या 'ह'च्या खालची जागा फोटोत स्वच्छ होती आणि तिथे उकार नव्हता. दुसरं, मधली जागा बाईंच्या अक्षराने मोजली तर चारपाच अक्षरांची होती. ताईंचं म्हणणं, हिंदीत एवढी घाई केलीस आणि कौतुकाच्या शब्दाला बरी शिस्त आठवली.

हे आधीच सांगायला हवं होतं: तुम्ही टाइप केलेला कागद घरी ठेवायला ठीक, प्रवेशासाठी कोणी विचारलं तर तो चालणार नाही. त्यासाठी शाळेत अर्ज करून त्यांच्या नोंदीवरून दुसरी प्रत मागा. फोटो जपून ठेवा, तुमची नक्कल ताडायला तेवढाच पुरावा आहे. शक्य असेल तर मूळ फाइल मिळवा, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो लहान झालेला असतो आणि त्यात पहिला बळी शेपट्यांचाच जातो.

आमचं पुस्तक पुढे माळ्यावरच्या बॅगेत सापडलं. हिंदी १८ आणि १७, ड. आणि शेरा, "मुलगा हजरजबाबी आहे." ताईंना दाखवला. म्हणाल्या, "तेच की ते."