आधी मूल्यांकन, मग प्रवेश

प्रिय बाळा,

परवा तुझा फोन ठेवला आणि झोप लागली नाही. शुक्रवारी फीचा पहिला हप्ता भरायचा, त्यासाठी बाबा जमिनीवर कर्ज काढायला निघालेत, आणि कोर्स कुठला, तर ऑस्ट्रेलियातलं आरोग्य व्यवस्थापनाचं दोन वर्षांचं मास्टर्स. ‘मावशी, तिकडची डिग्री हातात असली की डेंटिस्ट म्हणून नोंदणी सोपी जाते ना?’ असं तू विचारलंस.

नाही जात. ऑस्ट्रेलियात तुझ्या बीडीएसची परीक्षा होते, तिथल्या मास्टर्सची नाही. त्या मास्टर्समुळे एक पेपर कमी होत नाही की प्रात्यक्षिकात एक दात कमी कापावा लागत नाही. विद्यार्थी व्हिसा मिळतो, राहता येतं, तेवढंच. मी नेमकं हेच केलं होतं म्हणून इतक्या ठासून सांगते आहे. आधी मूल्यांकन, मग प्रवेश. प्रवेशाची गरज पडलीच तर.

बाहेर शिकलेल्या डेंटिस्टसाठी ऑस्ट्रेलियन डेंटल कौन्सिलची वाट तीन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा कागदपत्रांच्या मूल्यांकनाचा, दुसरा लेखी परीक्षेचा, तिसरा मेलबर्नमधल्या प्रात्यक्षिकाचा. ते पार पडलं की नोंदणीचा अर्ज, आणि त्यासाठी इंग्रजीचा पुरावा. पहिल्या टप्प्यासाठी तुला घर सोडायची गरज नाही, लेखीसुद्धा ऑस्ट्रेलियाबाहेर देता येते. म्हणजे ज्या दोन वर्षांसाठी जमीन गहाण पडणार आहे, त्यातलं बरंचसं काम साताऱ्यात बसून, दवाखान्यात नोकरी करत होऊ शकतं.

मूल्यांकनात लोक अडकतात ते ज्ञानामुळे नाही, नावामुळे. तुझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. त्यात डिसेंबरात लग्न. परदेशात कागद तपासणाऱ्याला हे एकच माणूस आहे हे आपोआप कळत नाही, त्याला ते कागदावरच दिसावं लागतं. म्हणून निकराने सांगते, हे सगळं संपेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नकोस. सासरी कुणाला वाईट वाटलं तर मी बोलेन. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, कॉलेजकडून इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राच्या डेंटल कौन्सिलकडून तुझ्याविरुद्ध काही तक्रार नाही असं सांगणारं गुड स्टँडिंगचं पत्र, हे तिन्ही या महिन्यात मागायला लाग. पत्र जुनं झालं की पुन्हा मागावं लागतं, तेव्हा ते सर्वांत शेवटी घे.

लेखीबद्दल फार लिहीत नाही. तू अभ्यासू आहेस. तिथले प्रश्न रुग्णाच्या हकीकतीवर असतात आणि पाठांतरापेक्षा ‘आता पुढे काय कराल’ हे विचारतात, एवढं लक्षात ठेव.

खरी कसोटी प्रात्यक्षिकात आहे, आणि तिथेच माझी दोन वर्षं मला भोवली. मास्टर्स करताना मी एका दवाखान्यात डेंटल असिस्टंट होते. त्या कामाला नोंदणी लागत नाही, पण रुग्णाच्या तोंडात स्वतः उपचारही करता येत नाहीत. सक्शन धरून दुसऱ्याचे हात पाहत उभी राहायची. आळशी नव्हते मी. दिवसा कॉलेज, संध्याकाळी दवाखाना, घरभाडं, घरी पाठवायचे पैसे. कुणी सांगायला नव्हतं. पण हात विसरतो, बाळा, आणि परीक्षकाला माझी कारणं माहीत नसतात.

प्रात्यक्षिक दोन दिवसांचं. एक दिवस फॅन्टम हेडवर, म्हणजे खोटे दात बसवलेल्या नकली डोक्यावर, हातकाम, एक दिवस रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसाशी बोलून, तपासून उपचार ठरवणं. माझं हातकाम गेलं. खालच्या दाढेचं क्राऊन प्रिपरेशन होतं, म्हणजे टोपी बसवण्यासाठी दाढ कापून आकार देणं. दाढ मी बरी कापली होती, पण ड्रिलच्या टोकाचा बर निसटून शेजारच्या दाताच्या कडेला ओरखडा उठला. आपल्याकडे अशा ओरखड्याला पॉलिश करून पुढे जातात. तिथे तो रुग्णाच्या निरोगी दाताला केलेली इजा असतो. शिवाय परीक्षेतले दात प्लॅस्टिकचे. इनॅमलची सवय झालेला हात त्यावर तेवढाच जोर देतो आणि बर लोण्यात गेल्यासारखा आत जातो.

दुसऱ्या खेपेला मी काय बदललं ते ऐक. कापण्याआधी दाढेवर सिलिकॉन पुट्टीचा साचा घ्यायचा, घट्ट झाल्यावर मधोमध चिरायचा. दाढ कापत असताना तो अर्धा साचा परत बसवून बघायचा. साचा आणि दात यांच्यामधली फट म्हणजेच तू किती कापलंस ते, आणि खुणांचा पेरिओ प्रोब घातला की मिलिमीटर कळतात. वरच्या चघळण्याच्या पृष्ठभागावर दीड ते दोन हवेत, क्राऊन कशाचा आहे त्यावर अवलंबून. कापायला सुरुवात करण्याआधी शेजारच्या दाताला धातूची मॅट्रिक्स पट्टी लावायची, मग बर निसटला तरी पट्टी कापली जाते. डोकं स्टँडवरून काढून हातात घेऊन कापायची सवय कॉलेजात लागली असेल तर आजच मोड. आरशात बघून, पाठ ताठ ठेवून, रबर डॅम लावून काम. आणि हातमोजा घालून चष्मा सरकवलास, तर तो मोजा बदलायचा, कुणी बघत नसलं तरी.

हे शिकायला मास्टर्स लागत नाही. फॅन्टम हेड, प्लॅस्टिकचे दात आणि कडक नजरेचा एक माणूस लागतो. पुण्या-मुंबईत तुझ्या ओळखीत असा कुणी सापडत नसेल, तर मी व्हिडिओवर बघते. पैसे खर्च करायचे तर यावर कर.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं गणित वेगळं आहे आणि तुम्ही दोघांनी एकाच एजंटाचं ऐकलंत याचा मला राग आहे. फिजिओथेरपीचं बीपीटी झालेल्याला ऑस्ट्रेलियात आधी पात्रता तपासणी, मग लेखी, मग क्लिनिकल, आणि ते श्वसन-हृदय, सांधे-स्नायू आणि मेंदू-मज्जा अशा तीन क्षेत्रांत. तंत्र किती येतात यापेक्षा, हेच तंत्र का निवडलं, रुग्णाची संमती घेतली का, त्याला धोका आहे हे ओळखलं का, हे बघतात. मशीन लावून पंधरा मिनिटं बाजूला बसण्याची आपल्याकडची सवय तिथे बुडवते. इंग्लंडला जायचं म्हटलं तर त्याच्यासाठी सहसा अशी परीक्षाच नाही. तिथली नियामक संस्था त्याचा अभ्यासक्रम आणि अनुभव आपल्या निकषांशी ताडून पाहते, उणीव दिसली तरच जास्तीचं काही करायला सांगते. म्हणजे विषयवार तास दाखवणारा अभ्यासक्रम हीच त्याची परीक्षा. त्याचंही तेच, आधी मूल्यांकन, मग प्रवेश.

तू विचारशील, मग जास्तीचं शिक्षण कधीच अटळ नसतं का? असतं. अमेरिकेत डेंटिस्ट व्हायचं तर बहुतेक राज्यांत तिथल्या मान्यताप्राप्त डेंटल कॉलेजात दोन-तीन वर्षं शिकावंच लागतं, आणि ते प्रचंड महाग आहे. पण ते शिक्षण दंतवैद्यकाचं असतं, त्याच्या शेवटी परवान्याचं दार असतं. तुझ्या हातात आत्ता जी ऑफर आहे, तिच्या शेवटी ते दार नाही. माझ्याकडे तशीच एक डिग्री भिंतीवर आहे, आणि मी आजवर एकाही अर्जात तिचा उल्लेख केलेला नाही.

बाबांना उद्या सकाळी सांग, बँकेत जाऊ नका. ऐकले नाहीत तर फोन माझ्याकडे दे. सोमवारी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज भर आणि पावती मला पाठव. रविवारी पुट्टीचा साचा चिरून दातावर बसव, बाजूने फोटो काढ. फट कुठे कमी-जास्त आहे ते मी खुणा करून कळवते.

तुझी,
मावशी