पावसानंतर स्पीड पडला: फिल्टर की ओला जॉइंट?

प्रश्न: फोंड्याजवळ राहतो. चार दिवस नुसता धो धो पाऊस पडतोय, तेव्हापासून मोडेम 608 केबीपीएसवरच सिंक होतो, आधी आठ हजाराच्या आसपास असायचा. फोनवर खरखर पण आहे. खालच्या फोनला फिल्टर आहे, वरच्या मजल्यावरच्याला नाही. फिल्टर आणू की कम्प्लेंट करू?

फिल्टर आणाच, पण तुमचा स्पीड त्याच्यामुळे पडलेला नाही असं मला वाटतं, कारण वरच्या फोनला मे महिन्यात पण फिल्टर नव्हता आणि तेव्हा आठ हजार मिळतच होते. पावसाने जे बदललं ते शोधायचं. फिल्टर नसलेला फोन लाईन बिघडवतो तो मुख्यतः कोणी रिसिव्हर उचलला की, तेव्हा सिंक तुटतो किंवा कानात सूं असा आवाज येतो. चार चार दिवस सलग 608 वर बसून राहणं हे वेगळं लक्षण आहे.

आता पाऊस चालू आहे तोवरच टेस्ट करा, दोन दिवस ऊन पडलं की जॉइंट सुकतो आणि मग कोणालाच काही सापडत नाही. फक्त गडगडाट चालू असताना वायरला हात लावू नका. मोडेमच्या पेजवर (बहुतेक 192.168.1.1) डीएसएल स्टेटसमध्ये SNR Margin, म्हणजे सिग्नल आवाजाच्या किती वर आहे तो आकडा, आणि Downstream Rate, म्हणजे सिंकचा स्पीड, बघून लिहून ठेवा. मग बाहेरची वायर घरात येते त्या पहिल्या रोझेटवर जा, तिथून वरच्या मजल्याला जाणारी जोडी स्क्रू ढिला करून सोडवा. नुसता वरचा फोन काढून भागत नाही, कारण ती वायर चिऱ्याच्या ओल्या भिंतीवरून गेली असेल तर ती स्वतःच लाईन खाते. मोडेम तिथेच थेट लावा, बंद करून चालू करा, परत आकडे घ्या. प्रत्येक बदलानंतर मोडेम रिस्टार्ट करायलाच हवा, नाहीतर जुनाच सिंक दिसत राहतो.

त्यानंतर खरी टेस्ट. त्याच रोझेटवर स्प्लिटर लावा, फोन त्याच्या फोनच्या बाजूला आणि मोडेम मोडेमच्या बाजूला, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि शांत लाईनवर खरखर येते का ऐका. मग रिसिव्हर उचललेलाच ठेवून मोडेम रिस्टार्ट करा. स्पीड उलट वाढला तर जवळपास नक्की समजा की कुठेतरी जॉइंट गंजलाय. फोन ठेवलेला असताना लाईनमधून करंट जवळजवळ जातच नाही, उचलला की जातो, आणि तो करंट गंजाचा पातळ थर तात्पुरता फोडतो.

माझ्याकडे डिचोलीला दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आधी हेच झालं होतं, आकडे वहीत अजून आहेत:

```
सगळं जोडलेलं           : 640 kbps
रोझेटवर थेट            : 1408 kbps
थेट + रिसिव्हर उचललेला  : 4900 kbps
```

म्हणजे थोडं नुकसान घरातल्या वायरचं होतं पण मोठं बाहेरचं. लाईनमन आला, त्याने खांबावरच्या डीपी बॉक्सपासून घरापर्यंत येणाऱ्या ड्रॉप वायरचा माडाखालचा जॉइंट उघडला, काळ्या टेपच्या आत पाणी आणि तांब्यावर हिरवा कळंक. नुसती टेप बदलू नका म्हणून मी सांगितलं, त्याने पण ऐकलं, दोन्ही बाजूंनी चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली आणि जेलीवाले यूवाय कनेक्टर दाबले. सिंक 7900 वर गेला, आणि त्या पावसाळ्यात परत पडला नाही.

एक गोष्ट अजून, डायल टोनच गेला आणि नेट मात्र रडतखडत चालूच आहे असं झालं तर दोनपैकी एक तार तुटलीय, हाय फ्रिक्वेन्सी तरी कशीबशी पलीकडे पोचते म्हणून मोडेम सिंक होतो. ते बघून लाईन ठीक आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

कम्प्लेंट करताना नेट स्लो म्हणून करू नका, फोनवर खरखर येते म्हणून करा. नेट स्लो म्हटलं की मोडेम बंद करून चालू करा असं सांगून मोकळे होतात, आवाजाची तक्रार लाईनमनकडे जाते. आणि तो येण्याआधी वरच्या फोनला फिल्टर लावून ठेवा, नाहीतर तो तेच बोट दाखवून निघून जाईल आणि बाहेरचा जॉइंट तसाच राहील.

दुरुस्तीनंतर खरखर गेली, पेजवर Attainable Rate, म्हणजे लाईन देऊ शकेल तो स्पीड, आठ हजाराच्या जवळ दिसतोय पण सिंक मात्र कमीच आहे असं झालं तर वायरीत आता काही शोधू नका, एक्सचेंजकडून लाईनचा प्रोफाईल, म्हणजे तिथे ठरवलेली स्पीडची मर्यादा, खाली केलेला असतो, तो वर करून मागा. तिन्ही आकडे आले की इथे टाका, मी बघतो.